तारखा सगळ्या लिहिल्या, तरी नववा आठवडा का कोसळतो?

"ताई, मी सेकंड इयरला आहे. पाच विषय, त्यातल्या तिघांना लॅब. मागच्या सेमला पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या, असाइनमेंट निळ्या, लॅब हिरव्या, परीक्षा लाल. तरी नवव्या आठवड्यात मिडसेम, दोन असाइनमेंट आणि जर्नल चेकिंग एकदम अंगावर आलं, तीन रात्री जागले आणि एक असाइनमेंट राहिलीच. आता नव्या सेमचा दुसरा आठवडा चालू आहे. मैत्रीण म्हणते तुझ्यात शिस्त नाही, मला वाटतं ॲप बदलून बघावं. नक्की काय चुकतंय माझं? (नाव छापू नका)"

शिस्तीचं आधी बाजूला ठेवू, कारण ज्याच्यात शिस्त नाही तो पहिल्या दिवशी बसून तारखांना रंग देत बसत नाही. आणि ॲप बदललंस तर त्याच तारखा दुसऱ्या ॲपमध्ये दिसतील, त्यापलीकडे काही होणार नाही. मला वेगळं विचारायचंय. तुझ्या त्या जुन्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन चौथा आठवडा उघड आणि बघ तिथे काय लिहिलंय. मला वाटतं जवळजवळ काहीच नसेल. आणि तिथे काही नव्हतं म्हणून तो आठवडा तुला मोकळा वाटला, बरोबर ना? नवव्या आठवड्यातला गोंधळ तिथेच सुरू झाला होता. तू काम कधी द्यायचंय ते लिहिलंस, कधी करायचंय ते कुठेच लिहिलं नाहीस.

दुसरी एक गोष्ट. निळं, हिरवं, लाल असे तीन रंग केलेस पण तिन्हीला वागवलंस एकसारखंच, म्हणजे एक तारीख आणि एक रिमाइंडर. पण ही तीन कामं तीन वेगळ्या स्वभावाची आहेत. परीक्षेची तारीख हलत नाही, पण तिचा अभ्यास पहिलं युनिट शिकवून झालं की लगेच सुरू करता येतो. असाइनमेंट प्रश्न हातात आल्याशिवाय सुरूच होत नाही, मग तुला कितीही वेळ असला तरी. आणि लॅबचा राइटअप प्रॅक्टिकल व्हायच्या आधी लिहिता येत नाही, आणि झाल्यावर जितका उशीर करशील तितका महाग होत जातो. म्हणून प्रत्येक कामाला दोन तारखा हव्यात, लवकरात लवकर कधी सुरू करता येईल ती आणि शेवटची. तुझ्याकडे फक्त दुसरी होती.

लॅबचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त फटका तिथेच बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी शिकत असताना डायोडचा एक्सपेरिमेंट केला होता, व्होल्टेज वाढवत जायचं आणि करंट किती येतो ते लिहायचं, आणि राइटअप "नंतर लिहू" म्हणून ठेवून दिला. तीन आठवड्यांनी कच्ची वही उघडली तर ०.६२ या आकड्याला पेनाने गोल केलेला आणि त्याच्या खाली करंटच्या कॉलममधले आकडे एकदम कमी झालेले. वर वाढत वाढत येतात आणि तिथे धपकन खाली पडतात. व्होल्टेज वाढवल्यावर करंट कमी कसा होईल? ग्राफ दोनदा काढला, दोन्ही वेळा मध्येच तुटला, तास दीड तास त्यातच गेला. शेवटी पार्टनरला विचारलं तेव्हा कळलं की त्या रीडिंगला मीटरची रेंज बदलली होती आणि मी काट्यासमोरचा आकडा तसाच उतरवला होता, नव्या रेंजचा गुणक लावलाच नव्हता. तो गोल मी त्यासाठीच केला होता. त्याच संध्याकाळी लिहिलं असतं तर ही गोष्ट अर्ध्या मिनिटात आठवली असती.

तेव्हापासून माझा हिशोब असा आहे की जो राइटअप त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दीड तासात होतो तोच तीन आठवड्यांनी अडीच तास खातो. तुझा आकडा थोडा वेगळा येईल, विषयावर पण आहे, प्रोग्रॅमिंगच्या लॅबला कमी लागेल, पण असा फरक पडतोच.

आता हे आकडे घेऊन तुझाच नववा आठवडा मांडून बघू.

पहिल्यांदा तुझ्याकडे आठवड्याला खरोखर किती तास आहेत ते मोज. "रोज पाच तास बसेन" असं मनात धरून नको, मागच्या आठवड्यात प्रत्यक्षात किती बसलीस ते आठवून. समज कॉलेजच्या दिवशी दोन तास, म्हणजे पाच दिवसांचे १० आणि शनिवार रविवार चार चार, असे १८. हे सगळे कॅलेंडरमध्ये भरायचे नाहीत. एखादा दिवस डोकं दुखतं, एखादं लेक्चर पुढे सरकतं, घरी काम निघतं. १४ धर. बाकीचे चार मोकळे राहू देत, त्यांना काही नाव द्यायचं नाही.

त्या १४ मधून तीन लॅबचे तीन राइटअप दीड तासाने म्हणजे साडेचार तास आधीच गेले. राहिले साडेनऊ.

आता नवव्या आठवड्यात काय काय द्यायचंय? पाच विषयांची मिडसेम, विषयामागे सहा तास धरले तर ३०. दोन असाइनमेंट पाच पाच तासांच्या, म्हणजे १०. एकूण ४० तास. मिडसेमची तयारी आपण साधारण किती आधी सुरू करतो? फार शहाणपणा केला तर तीन आठवडे. सहावा, सातवा, आठवा, साडेनऊने साडेअठ्ठावीस तास. साडेअकरा तास कमी पडतात. म्हणजे तू सहाव्या आठवड्यात अगदी मनापासून सुरुवात केली असतीस, एक दिवस वाया घालवला नसतास, तरी हे बसलंच नसतं. तेच चौथ्या आठवड्यापासून धरलं तर पाच आठवड्यांचे साडेसत्तेचाळीस तास होतात, ४० त्यात आरामात बसतात आणि साडेसात उरतात.

आता यात लॅबचं उधार घाल. समज दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातले मिळून सहा राइटअप राहिलेत, आणि ते आता अडीच तासांचे झालेत. सहा गुणिले अडीच, १५ तास. उरलेले साडेसात त्यात गेले आणि वर साडेसात कमी पडले. तुझ्या तीन रात्री त्या इथून आल्या. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा अजून काही सुरूच झालं नाही असं सगळ्यांना वाटत असतं, तेव्हा मागे पडलेल्या सहा राइटअपमधून. म्हणून तू दुसऱ्या आठवड्यात पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस, आत्ता हे सगळं स्वस्तात सुटतं.

यात एक अडचण आहे ती लपवत नाही. असाइनमेंटचे प्रश्न बऱ्याचदा सहाव्या आठवड्यात हातात येतात, मग चौथ्या आठवड्यात काय करणार? तेव्हा क्रम उलटा करायचा. चौथ्या पाचव्यात मिडसेमचा अभ्यास, म्हणजे जी युनिट शिकवून झाली आहेत तेवढ्यांचाच, आणि सहाव्या सातव्यात असाइनमेंट. जे आधी सुरू करता येतं ते आधी उचलायचं म्हणजे जे उशिरा येणार आहे त्याला जागा राहते. दोन तारखा लिही असं मी म्हटलं ते यासाठीच, पहिली तारीख नसेल तर हा क्रम सुचतच नाही.

आता तू म्हणशील की पाच तासांची असाइनमेंट पाच तासांतच होईल कशावरून. होणार नाही बहुतेक. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे दीडपटीहून जास्त. ही मुलं आळशी होती असं काही नाही, आपण अंदाज करताना काम सुरळीत जाईल असंच चित्र डोळ्यासमोर आणतो, प्रिंटर बंद पडलेला त्या चित्रात नसतो. म्हणून पहिल्या महिन्यात तुझ्या अंदाजाला सरळ दीडने गुण. मनात साडेतीन तास आले तर साधारण पाच लिही. वरचे पाच मी तसेच धरलेत. आणि प्रत्येक काम झाल्यावर खरे किती लागले ते शेजारी लिहीत जा, तीन चार आठवड्यांत तुझा स्वतःचा गुणाकार तुला कळेल, मग माझा दीड सोडून दे.

हे कुठे लिहायचं? कॅलेंडरच्या आधी एक साधी शीट कर, कारण तासांची बेरीज कॅलेंडर करून देत नाही. A मध्ये काम, B मध्ये विषय, C मध्ये कधीपासून सुरू करता येतं, D मध्ये शेवटची तारीख, E मध्ये तास. F मध्ये ते काम सेमच्या कितव्या आठवड्यात द्यायचंय ते आपोआप येऊ दे आणि G मध्ये तू ते कितव्या आठवड्यात करणार ते हाताने लिही. चार तासांपेक्षा मोठं काम असेल तर त्याच्या दोन ओळी कर, नाहीतर मिडसेमचे तीस तास एकाच आठवड्यात जाऊन बसतील. H2 पासून खाली खाली १ ते १६ आठवडे आणि I मध्ये प्रत्येक आठवड्याची बेरीज. J1 मध्ये सेम सुरू झालं त्या आठवड्याचा सोमवार. F2 आणि I2 मध्ये अनुक्रमे हे टाक आणि खाली ओढ:

```
=INT((D2-$J$1)/7)+1
=SUMIFS(E:E,G:G,H2)
```

पहिल्या फॉर्म्युल्यात आकड्याऐवजी भलतीच जुनी तारीख दिसली तर घाबरू नको, त्या कॉलमचा फॉरमॅट नंबर कर. आणि #VALUE! आलं तर तू तारीख अशी टाइप केलीयस की शीटला ती तारीख वाटतच नाहीये, मजकूर वाटतोय, ती नीट परत टाक.

मग फक्त I कॉलमकडे बघायचं. १४ च्या वर कुठला आठवडा जातोय? तिथली एखादी ओळ उचल आणि G मध्ये आधीचा आठवडा लिही, पण C मधल्या तारखेच्या आधी नाही. असं दहा पंधरा मिनिटं सरकवत बसलं की सगळे आठवडे १४ च्या आत येतात, किंवा मग कळतं की येतच नाहीत. नवव्या आठवड्यात कळण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं.

परीक्षेची तारीख अजून जाहीर नसेल तरी ओळ रिकामी सोडू नकोस. ज्या आठवड्यात होईल असं वाटतंय त्याच्या सोमवारची तारीख टाक आणि कामाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दे. नोटीस आली की तारीख बदल आणि प्रश्नचिन्ह काढ. जाहीर नाही म्हणून लिहिलं नाही, यात पूर्ण बेरीजच खोटी पडते.

यानंतर कॅलेंडर. शेवटच्या तारखा दिवसभराच्या पट्टीसारख्या वर राहू देत, आणि खाली वेळेच्या रकान्यांमध्ये काम करायच्या जागा. सगळ्यात आधी लॅबच्या. मंगळवारी दुपारी लॅब असेल तर मंगळवारी संध्याकाळी किंवा बुधवारी दीड तास, दर आठवड्याला आपोआप येईल असा, पूर्ण सेमभर. तुमच्या बॅचला लॅब एक आठवडा आड येत असेल तर तो ब्लॉकही दोन आठवड्यांनी एकदा येईल असा लाव, नाहीतर लॅब नसलेल्या आठवड्यात रिकामा ब्लॉक दिसेल आणि दोन वेळा तो दिसला की तिसऱ्या वेळी खरा पण दुर्लक्षित होतो. ब्लॉकचं नाव "लॅब" असं नको, "राइटअप ४, ग्राफ आणि निष्कर्ष" असं, म्हणजे बसल्या बसल्या काय उघडायचं ते ठरलेलं असतं. बाकीची कामं मात्र सोळा आठवडे आधी तासावारी बसवत बसू नकोस, त्यांचा फक्त आठवडा ठरव आणि दर रविवारी वीस मिनिटं शीट बघून पुढच्या सात दिवसांपुरत्याच त्यांच्या वेळा टाक. पूर्ण सेमचं तासांचं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात मोडतं आणि मोडलं की माणूस ते उघडायचंच बंद करतो, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय.

आणि खोट्या डेडलाइन लावू नकोस. शुक्रवारी द्यायचंय ते बुधवारी द्यायचंय असं लिहिलंस तर तुला माहीत असतं की ते खरं नाही. शुक्रवारच लिही आणि काम बुधवारी संपेल असा ब्लॉक बसव.

जर्नलबद्दल अजून एक राहिलं. राइटअप लिहून झाला म्हणजे काम संपलं असं धरू नकोस, तपासून सही झाली की संपलं. शीटमध्ये लॅबच्या ओळींना दोन खुणा ठेव, लिहिलं आणि सही. सही त्याच्या पुढच्याच लॅबला घ्यायची, तेव्हा सर किंवा मॅडम समोरच असतात आणि चूक निघाली तर एकाच पानावर निघते. शेवटच्या आठवड्यासाठी दहा सह्या साठवल्या तर अख्खा वर्ग त्याच दारात उभा असतो, आणि पहिल्या एक्सपेरिमेंटमध्ये केलेली युनिटची चूक तू पुढच्या नऊमध्ये पण उतरवलेली असते. एखादं प्रॅक्टिकल बुडलं तर ते पुन्हा करायला कधी मिळतं तेही याच आठवड्यात विचारून ठेव आणि ती तारीख लिही.

सगळं सरकवून झालं आणि तरी एखादा आठवडा १४ च्या खाली येतच नसेल तर तीन रस्ते उरतात. ते चार मोकळे तास वापरायचे, पण हे एका सेममध्ये एखाद दोन वेळाच चालतं. नाहीतर कुठल्या तरी कामाला मुद्दाम कमी वेळ द्यायचा, आणि ते कुठलं ते गुण बघून ठरवायचं. दोन गुणांच्या असाइनमेंटच्या सजावटीत तीन तास जात असतील तर ते तीन तास मिडसेमच्या कच्च्या विषयाचे आहेत. आणि तिसरा रस्ता म्हणजे मुदत मागणं. याची आपल्याला लाज वाटते म्हणून आपण ते आदल्या रात्री करतो, तेव्हा ते सबब वाटतं. तेच पाचव्या आठवड्यात, "मॅडम, मिडसेमच्या आठवड्यात आमच्या बॅचच्या दोन असाइनमेंट आणि जर्नल चेकिंग एकत्र येतंय, तुमची असाइनमेंट आम्ही आठव्या आठवड्यात किंवा दहाव्या आठवड्याच्या सोमवारी दिली तर चालेल का?" असं दोघी तिघींनी मिळून तारखा हातात घेऊन विचारलं तर निदान ऐकून तरी घेतलं जातं. शिक्षकांना दुसऱ्या विषयांच्या तारखा बऱ्याचदा माहीत नसतात. नाही म्हणाल्या तरी तुझ्याकडे चार आठवडे आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण सहाव्या सातव्या आठवड्यात असतील आणि त्यांच्याकडे आठ दहा राइटअप पडून असतील. त्यांनी सगळ्यात जुन्यापासून सुरू करू नये, हा मोह सगळ्यांना होतो. जुन्यातलं जे विसरायचं ते विसरून झालंय, तो आज लिहिला काय आणि दहा दिवसांनी काय, अडीच तास लागणारच. या आठवड्यात झालेली प्रॅक्टिकल मात्र अजून दीड तासात होतात, ती आधी लिहा म्हणजे ढीग वाढायचा थांबतो. जुने मग शनिवारी, पार्टनरला शेजारी बसवून, दोघांच्या कच्च्या वह्या समोर उघड्या ठेवून, आठवड्याला दोन या हिशोबाने. आणि आजपासून लॅबमधून निघायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर युनिट, मीटरची रेंज आणि गोल केलेल्या आकड्याशेजारी तो का केला ते तीन शब्दांत लिहून मगच बाहेर पडा.